विद्यार्थी लायसन्स संपल्यावर काय? कारंजाच्या मुलांसाठी फ्रीकॅडची वाट

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या वस्तीतला एक मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा पूर्ण करून कारंजा लाडला घरी परतला होता. निकाल चांगला होता, पण हाताला काम नव्हते. ओळखीच्या एका फॅब्रिकेशन दुकानदाराने त्याला विचारले, "कडबा कुट्टी मशीनला मोटर बसवायची प्लेट लेझरवर कापून आणायची आहे. ड्रॉइंग काढून देशील का? पैसे देतो." मुलाने लॅपटॉप उघडला. तीन वर्षे ज्या सॉफ्टवेअरवर शिकला, त्याने त्याला आत घेतले नाही. तो आता विद्यार्थी नव्हता, म्हणून त्याचे विद्यार्थी लायसन्स संपले होते. त्याची सगळी जुनी ड्रॉइंग त्याच लॅपटॉपमध्ये होती, पण ती उघडता येत नव्हती.

तो विहाराच्या अभ्यासिकेत आला आणि म्हणाला, "दादा, कोणाकडं क्रॅक आहे का?"

आम्ही काही जण रविवारी या अभ्यासिकेत डिप्लोमा, आयटीआय आणि इंजिनिअरिंगच्या मुलांबरोबर बसतो. हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. आम्ही त्याला क्रॅक दिले नाही. त्या संध्याकाळी फ्रीकॅडवर त्याच्याबरोबर तीच प्लेट काढली. ती कशी काढली, त्यात काय चुकले आणि फ्रीकॅड कुठे कमी पडते, हे सगळे या लेखात सांगत आहोत.

फुकट आणि आपले, यातला फरक

आधी एक गैरसमज दूर करू. महागडे कॅड सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला मिळतच नाही, असे नाही. उदाहरणार्थ, ऑटोडेस्क कंपनी आपले ऑटोकॅड, फ्यूजन वगैरे विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी विनामूल्य देते. त्यासाठी आपण मान्यताप्राप्त संस्थेत शिकत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि विद्यार्थी असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण करता येते. ज्याला ही सोय मिळते त्याने ती जरूर घ्यावी. तिच्यात बेकायदेशीर काही नाही.

पण तिला दोन अटी आहेत आणि दोन्ही आपल्या मुलांना नेमक्या नको त्या वेळी आडव्या येतात. शिक्षण संपले की लायसन्स संपते, ही पहिली अट. ते फक्त शिकण्यासाठी आहे, त्यावर कमाईचे काम करता येत नाही, ही दुसरी. ज्याच्या घरी दुकान आहे, भांडवल आहे, त्याला पास झाल्यावर विकतचे लायसन्स घेणे जड जात नाही. ज्याचे आईवडील मजुरीला जातात, त्या मुलाचे साधन मात्र पहिली कमाई दारात आली त्याच दिवशी काढून घेतले जाते. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्क भरले जाते आणि निर्वाह भत्ता मिळतो, पण तीही विद्यार्थी असेपर्यंतच. पास झाल्यानंतरच्या सॉफ्टवेअरसाठी तिचा उपयोग नाही.

मग उरते क्रॅक. त्याबद्दल कायदा काय म्हणतो ते माहीत असावे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-बी नुसार सॉफ्टवेअरची बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. म्हणजे विद्यार्थ्याने घरी शिकण्यासाठी वापरले तर सवलतीची शक्यता आहे. त्याच क्रॅकवर दुकानदाराचे काम करून पैसे घेतले, तर ती शक्यता राहत नाही. शिवाय क्रॅक टाकण्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. आमच्या अभ्यासिकेतल्या दोन संगणकांवर एकदा अशाच एका पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट गेले.

फ्रीकॅडची गोष्ट वेगळी आहे. युर्गेन रीगल या जर्मन अभियंत्याने ते सुरू केले. २००२ पासून ते सार्वजनिक आहे आणि जगभरचे स्वयंसेवक ते वाढवत आले आहेत. १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्याचे लायसन्स एलजीपीएल प्रकारचे आहे. ते कोणीही, कितीही संगणकांवर टाकू शकतो, मित्राला देऊ शकतो आणि त्यावर काम करून पैसे घेऊ शकतो. त्याला खाते लागत नाही, इंटरनेट लागत नाही, मुदत नाही. त्याची `.FCStd` फाइल ही प्रत्यक्षात एक झिप फाइल असते. तिच्या आत काय आहे ते कोणीही उघडून पाहू शकतो. आज काढलेले ड्रॉइंग दहा वर्षांनी उघडायला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

आधी संगणकात टाकणे

`freecad.org` या संकेतस्थळावरून विंडोज आणि लिनक्स दोन्हीसाठी ते उतरवता येते. संगणक ६४-बिट असावा. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर एका-दोन भागांची कामे चालतात. पन्नास भागांची जोडणी चालेल अशी अपेक्षा ठेवू नये.

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते. त्यासाठी विंडोजची एक `.7z` फाइलही मिळते. ती उघडून फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवला की इन्स्टॉल न करता फ्रीकॅड चालते. पेन ड्राइव्हवरून थेट चालवले तर फार हळू उघडते, म्हणून फोल्डर आधी डेस्कटॉपवर कॉपी करावा आणि काम झाल्यावर पुसावा. फ्रीकॅड उघडले पण चित्राची जागा काळी दिसली, तर बहुतेक वेळा दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. तो नवा टाकून पाहावा.

काम काय होते

कडबा कुट्टीला २ एचपीची मोटर बसवायची होती. मोटर एका पोलादी प्लेटवर चार बोल्टने बसते आणि प्लेट खालच्या अँगलच्या चौकटीला वेल्ड होते. पट्टा सैल झाला की मोटर थोडी मागे सरकवून तो ताणावा लागतो. म्हणून प्लेटला साधी गोल छिद्रे चालत नाहीत, लांबट खाचा लागतात. कारखान्यात त्यांना स्लॉट म्हणतात.

मापे कुठून घ्यायची? मोटरच्या नेमप्लेटवर फ्रेमचा आकडा असतो. चार पोलच्या २ एचपी मोटरला बहुधा ९०एल ही फ्रेम असते. प्रमाणित मापांनुसार ९०एल फ्रेमच्या पायांची छिद्रे शाफ्टला आडव्या दिशेने १४० मिमी आणि शाफ्टच्या दिशेने १२५ मिमी अंतरावर असतात. छिद्र १० मिमीचे असते आणि त्यात ८ मिमीचा बोल्ट बसतो. आम्ही मुलाला तरीही दुकानात पाठवून ही मापे व्हर्निअरने घेऊन यायला सांगितले. रिवाइंडिंग झालेल्या जुन्या मोटरची नेमप्लेट बदललेली असू शकते. कागदावरच्या मापावर प्लेट कापली आणि मोटर बसली नाही, तर पैसे आपले जातात.

ठरले ते असे. प्लेट २४० × १८० मिमी, जाडी ८ मिमी. चार स्लॉट, प्रत्येक १० मिमी रुंद. मोटर ३० मिमी सरकावी म्हणून स्लॉटच्या दोन टोकांच्या केंद्रांमधले अंतर ३० मिमी. म्हणजे स्लॉटची एकूण लांबी ४० मिमी. स्लॉट लांबीला १४० च्या दिशेने, कारण पट्टा त्याच दिशेने ताणला जातो. ही दिशा चुकली तर प्लेट सुंदर दिसेल, पण निरुपयोगी होईल.

स्केच: वीस मोकळीका बांधणे

फ्रीकॅडमध्ये कामानुसार वेगवेगळे टेबल असतात, त्यांना वर्कबेंच म्हणतात. आपल्याला वरच्या यादीतून `Part Design` निवडायचे आहे. नवी फाइल, मग नवी `Body`, मग नवे स्केच. स्केच कोणत्या पातळीवर काढायचे असे विचारले की `XY` पातळी निवडावी.

ऑटोकॅडवर शिकलेली मुले इथे अडखळतात. ऑटोकॅडमध्ये रेघ काढताना माप टाकायचे असते. इथे आधी आकार अंदाजे काढायचा आणि नंतर त्याला नियम घालायचे असतात. या नियमांना कन्स्ट्रेंट म्हणतात. म्हणून आधी एक आयत आणि त्याच्या आत चार आडवे स्लॉट, जमतील तसे काढावे. मात्र मूळबिंदू आणि अक्षांपासून दूर काढावे. जवळ गेले की फ्रीकॅड स्वतःहून एखादा नियम चिकटवते आणि पुढे तो आपल्याच नियमांशी भांडतो.

आता मोजू. सरळ उभ्या आयताला चार मोकळीका आहेत: तो डावी-उजवीकडे सरकू शकतो, वर-खाली सरकू शकतो, रुंदी बदलू शकते, उंची बदलू शकते. प्रत्येक आडव्या स्लॉटलाही चारच आहेत: दोन सरकण्याच्या, एक लांबीची, एक त्रिज्येची. पाच आकारांच्या मिळून वीस. फ्रीकॅड डाव्या पॅनेलमध्ये हाच आकडा दाखवते. तिथे वीसपेक्षा कमी दिसले, तर कुठेतरी आपोआप नियम चिकटला आहे. कन्स्ट्रेंटच्या यादीत तो शोधून काढून टाकावा. जास्त दिसले, तर एखादा स्लॉट आडवा नसून किंचित तिरपा आहे.

मग एकेक मोकळीक बांधायची. आयताचे दोन समोरासमोरचे कोपरे आणि मूळबिंदू निवडून `Symmetric` दिले की आयत मधोमध बसतो आणि दोन मोकळीका जातात. २४० आणि १८० ही मापे दिली की आणखी दोन. राहिल्या सोळा. चारही स्लॉटच्या त्रिज्या `Equal` केल्या आणि एकीला ५ मिमी दिले, म्हणजे चार गेल्या. लांब बाजू `Equal` करून एकीला ३० दिले, आणखी चार गेल्या. राहिल्या आठ, आणि त्या फक्त जागेच्या आहेत.

वरच्या डाव्या आणि वरच्या उजव्या स्लॉटची आतली केंद्रे उभ्या अक्षाभोवती `Symmetric` करावीत. खालच्या जोडीलाही तसेच. मग वरचा डावा आणि खालचा डावा आडव्या अक्षाभोवती. प्रत्येक वेळी दोन मोकळीका जातात. उरतात दोन, आणि त्या दोन मापांनी संपतात. वरच्या आणि खालच्या स्लॉटमध्ये १२५ मिमी. डाव्या आणि उजव्या स्लॉटच्या आतल्या केंद्रांमध्ये ११० मिमी. हे ११० कुठून आले, असे मुलाने विचारले. बोल्ट स्लॉटच्या मध्यावर असताना अंतर १४० हवे. आतले केंद्र मध्यापासून १५ मिमी आत आहे, दोन्हीकडून मिळून ३०. म्हणून १४० वजा ३०.

शेवटचे माप टाकताच सगळ्या रेघा हिरव्या झाल्या आणि पॅनेलमध्ये `Fully constrained` दिसले. आम्ही मुलांना सांगतो की हिरवे झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. हिरवे नसलेले स्केचही जाड करता येते, फ्रीकॅड अडवत नाही. पण नंतर माउसचा चुकून धक्का लागला तरी एक स्लॉट दोन मिलिमीटर सरकतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ते कळते बोल्ट बसत नाही तेव्हा.

स्केच बंद करून `Pad` दाबले, लांबी ८ दिली, आणि प्लेट तयार झाली.

मोटर बदलली तर

दुसऱ्याच दिवशी दुकानदाराचा फोन आला. एका शेतकऱ्याला ३ एचपी हवी आहे, दुसरी प्लेट पण काढून दे. चार पोलच्या ३ एचपी मोटरची फ्रेम सहसा १००एल असते. तिची छिद्रे १६० आणि १४० मिमीवर, आणि बोल्ट १० मिमीचा. ऑटोकॅडच्या सवयीने मुलगा सगळे पुन्हा काढायला बसला होता.

फ्रीकॅडमध्ये `Spreadsheet` हे वर्कबेंच आहे. त्यात एक तक्ता घेऊन चार मापे लिहावीत आणि प्रत्येक खान्याला टोपणनाव द्यावे: आडव्या अंतराला `adva`, उभ्याला `ubha`, सरकण्याला `sarak`, त्रिज्येला `trijya`. मग स्केचमधल्या मापाच्या चौकटीत आकड्याऐवजी `=` टाइप केले की सूत्र लिहिण्याची खिडकी उघडते. ११० च्या जागी आम्ही हे लिहिले:

```
Spreadsheet.adva - Spreadsheet.sarak
```

बाकी मापांनाही आपापले टोपणनाव दिले. आता तक्त्यात १४० चे १६०, १२५ चे १४० आणि ५ चे ६ केले की प्लेट स्वतः बदलते. पण बदलल्यावर कडा तपासायच्या. नव्या मापात स्लॉटचे बाहेरचे टोक मध्यापासून ८० + १५ + ६, म्हणजे १०१ मिमीवर येते. प्लेटची कड १२० वर आहे. १९ मिमी लोखंड उरते, ते चालते. हे गणित सॉफ्टवेअर सांगत नाही, आपणच करायचे असते.

वजन आणि भाव

दुकानदाराने वजन विचारले, कारण लोखंडाचा भाव किलोवर असतो. `View` मेनूतल्या `Panels` मधून `Python console` उघडून ही एक ओळ लिहिली की पहिल्या प्लेटचे वजन किलोत मिळते:

```
App.ActiveDocument.getObject("Body").Shape.Volume * 7.85e-6
```

फ्रीकॅड घनफळ घन मिलिमीटरमध्ये देते आणि पोलादाचा एक घन मिलिमीटर ७.८५ भागिले दहा लाख किलो असतो. उत्तर आले सुमारे २.६२ किलो. हाताने पडताळा घ्यावा: २४० × १८० × ८ म्हणजे ३,४५,६०० घन मिमी, वजन २.७१ किलो. चार स्लॉटचे मिळून साधारण ९५ ग्रॅम वजा. जुळते. ही सवय लावून घ्यावी, कारण एखादे माप चुकीचे पडले असेल तर ते बहुतेक वेळा वजनात उघडे पडते. एक लक्षात ठेवावे: लेझरवाला स्लॉटमधून पडलेल्या तुकड्यांचे पैसे परत देत नाही, म्हणून भाव सांगताना २.७१ किलोच धरावे.

लेझरवाल्याकडे फाइल पाठवताना झालेली चूक

लेझर कटिंगसाठी थ्रीडी मॉडेल लागत नाही, बाह्यरेषा लागते, आणि ती डीएक्सएफ फाइलमध्ये द्यावी लागते. फ्रीकॅडमध्ये डाव्या झाडात फक्त स्केच निवडून `File`, मग `Export`, आणि प्रकार `Autodesk DXF 2D` निवडायचा. स्केचबरोबर `Body` पण निवडली गेली तर एकाच जागी दोन रेघा येऊ शकतात आणि मशीन तीच कड दोनदा कापते.

आम्ही फाइल पाठवली आणि थोड्या वेळात ऑपरेटरचा फोन आला, "तुमची प्लेट सहा मीटरची दिसते आहे." डीएक्सएफ फाइलमध्ये आकडा २४० असा असतो, पण तो मिलिमीटर की इंच हे वाचणारे सॉफ्टवेअर आपापल्या सेटिंगने ठरवते. त्याच्याकडे इंच धरले गेले. २४० इंच म्हणजे ६०९६ मिमी. त्याने विचारले म्हणून बरे झाले. चूक छोटी असती आणि प्लेट थोडीच लहान आली असती, तर कोणाच्या लक्षातही आले नसते.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी करतो. पाठवण्याआधी फाइल लिब्रेकॅड या दुसऱ्या मोफत, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडून बाहेरचे माप मोजतो. आणि फाइलबरोबर व्हॉट्सअॅपवर मजकूर देतो: "मापे मिमीमध्ये, एकूण २४० × १८०, जाडी ८, एमएस, १ नग." लेझरच्या झोताची स्वतःची रुंदी असते. तिच्यासाठी मापे आपण वाढवायची नाहीत. ते ऑपरेटर त्याच्या मशीनवर करतो. दोघांनी केले तर स्लॉट दोनदा बदलतो.

कॉलेजच्या शीटसाठी

ज्यांना टर्म वर्कची शीट द्यायची आहे त्यांनी `TechDraw` वर्कबेंच वापरावे. त्यात ए४ किंवा ए३ पान घेऊन मॉडेलचे दर्शन टाकता येते आणि मापे लावून पीडीएफ काढता येते. एकच ठिकाणी सावध राहा. आपल्याकडे भारतीय मानकांनुसार फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात. अनेक परदेशी व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात. दर्शनांचा गट टाकताना पॅनेलमध्ये `First Angle` आहे ना ते बघा. फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारे दर्शन समोरच्या दर्शनाच्या खाली येते. ते वर दिसले, तर शीट चुकली.

काही शिक्षक डीडब्ल्यूजी फाइलच मागतात. फ्रीकॅड ती स्वतः उघडत किंवा बनवत नाही. त्यासाठी ओडीए फाइल कन्व्हर्टर नावाचे वेगळे साधन टाकावे लागते. ते विनामूल्य आहे, पण मुक्त नाही. त्याने डीएक्सएफचे डीडब्ल्यूजी होते, मात्र मापांचे फॉन्ट आणि बाण बदलू शकतात. म्हणून सत्र सुरू होतानाच शिक्षकांना विचारावे की पीडीएफ आणि डीएक्सएफ चालेल का. सबमिशनच्या आदल्या रात्री हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

फ्रीकॅड कुठे कमी पडते

हे न सांगता फक्त कौतुक केले, तर मुलांचे नुकसान होईल. चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कंपनीत मुलाखतीला गेलात, तर तिथे सॉलिडवर्क्स, क्रिओ, कॅटिया किंवा ऑटोकॅड विचारतील. फ्रीकॅड विचारणारे फार थोडे आहेत. स्केच, कन्स्ट्रेंट, जाडी देणे, कापणे हा विचार सगळीकडे एकच असल्यामुळे शिकलेले वाया जात नाही. पण बटणे वेगळी असतात आणि मुलाखतीत हात चालावा लागतो. म्हणून कॉलेजच्या लॅबचे तास सोडू नका. विद्यार्थी लायसन्स मिळत असेल तर त्यावरही सराव करा. रोजचा विचार आणि स्वतःचे काम फ्रीकॅडवर ठेवा.

गोलाई देण्याचे काम इथे नाजूक आहे. `Fillet` ची त्रिज्या शेजारच्या कडेएवढी मोठी झाली की ती अनेकदा नाकारली जाते. त्रिज्या थोडी कमी करून पाहावी आणि गोलाया नेहमी शेवटी द्याव्यात. दुसरे, एखाद्या पृष्ठभागावर स्केच काढले आणि नंतर मूळ आकार बदलला, तर जुन्या आवृत्त्यांमध्ये ते स्केच भलत्याच पृष्ठभागावर उडी मारत असे. १.० मध्ये हा त्रास बराच कमी झाला आहे, संपलेला नाही. जमेल तिथे स्केच मूळ पातळ्यांवरच काढले तर तो उद्भवत नाही. यूट्यूबवर २०२४ पूर्वीचा व्हिडिओ बघत असाल, तर बटणे थोडी वेगळी दिसतील, गोंधळू नका.

सिव्हिलच्या मुलांसाठी एक वेगळी सोय आपल्याच राज्यात आहे. पवईच्या आयआयटी बॉम्बेमधल्या फॉसी प्रकल्पात ओएसडॅग हे मुक्त सॉफ्टवेअर तयार झाले आहे. ते आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकानुसार पोलादी जोडण्यांचे गणित करते. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतून ऐकता येतात. इंग्रजी व्हिडिओला घाबरणाऱ्या मुलांना आम्ही आधी तिथे बसवतो.

त्या मुलाचे काय झाले

दोन्ही प्लेटा कापून आल्या. पहिली बरोबर बसली. दुसरीत बोल्ट बसले, पण स्लॉट रुंद असल्याने बोल्टचे डोके आत दबत होते. वॉशर घातल्यावर ते थांबले. आम्ही ड्रॉइंगवर "वॉशरसह" असे लिहायला विसरलो होतो. आता लिहितो.

मुलाला त्या दोन ड्रॉइंगचे पैसे मिळाले. रक्कम मोठी नव्हती, पण ती मिळवताना त्याने कोणाचा कायदा मोडला नाही. दोन्ही `.FCStd` फाइल त्याच्या लॅपटॉपमध्ये आहेत आणि त्या उघडायला त्याला विद्यार्थी असण्याची गरज नाही. त्याच्या जुन्या तीन वर्षांच्या ड्रॉइंगपैकी जी त्याने कॉलेजात असताना पीडीएफ किंवा डीएक्सएफमध्ये काढून ठेवली होती, तेवढीच वाचली.

म्हणून जे आज शेवटच्या वर्षाला आहेत त्यांना आमचे एकच सांगणे आहे. लायसन्स चालू असतानाच, निकालाची वाट न पाहता, आपली प्रत्येक थ्रीडी फाइल स्टेप प्रकारात आणि प्रत्येक ड्रॉइंग डीएक्सएफ आणि पीडीएफमध्ये काढून ठेवा. स्टेप फाइल फ्रीकॅडमध्ये उघडते. तिच्यात आकार येतो, मापांचा इतिहास येत नाही. तरी आकार हातात राहतो. या कामाला एक दुपार लागते. लायसन्स संपल्यावर ती दुपार परत मिळत नाही.

रविवारी सकाळी अभ्यासिका उघडी असते. येताना पेन ड्राइव्ह आणि व्हर्निअर घेऊन या.